गाडी उभी, तरी किलोमीटर वाढतायत? आधी ते बघ

अरे भावा, आठवड्याचा रिपोर्ट करताना जीपीएसचं टोटल डिस्टन्स डोळे झाकून घेऊ नकोस, मी पण सुरुवातीला तेच केलं आणि फसलो. आमचा एक पिकअप तुर्भ्याला मार्केटच्या शेडखाली रात्रभर उभा असायचा, तिथे सिग्नल नीट नाही मिळत, मग पॉइंट इकडेतिकडे उड्या मारतो आणि सिस्टिम ते सगळं अंतर म्हणून जोडत जाते. त्या आठवड्यात ट्रॅकरने 759 किमी दाखवले, ओडोमीटरवर भरले 690. डिझेल गेलं 60 लिटर, म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज 11.5, पण रिपोर्टमध्ये साडेबाराच्या वर, आणि अशा फुगलेल्या आकड्यामागे डिझेलचोरी आरामात लपते बघ.

म्हणून इग्निशन ऑफ असतानाचे सगळे पॉइंट आधी काढून टाक, मग बेरीज कर. तरीही ओडोमीटरशी मोठा फरक राहिला तर डिव्हाइसची इग्निशनची वायर तपास, ती सुटलेली असली की गाडी कायम चालू किंवा कायम बंद दिसते.

दुसरं, सोमवार ते रविवारची पंपाची बिलं जोडून अ‍ॅव्हरेज काढू नको, रविवारी रात्री टाकी भरली तर ते डिझेल जळणार पुढच्या आठवड्यात ना! फुल टँक ते फुल टँक धर, ड्रायव्हरला सांग दर वेळी भरताना ओडोमीटरचा फोटो टाक, आणि किमी पण त्याच दोन वेळांमधलेच घे. वार मागेपुढे झाला तरी चालतंय.