एका घड्याळाने कथा जोडताना

एकच घड्याळ एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात कथा जोडणार असेल, तर आधी कथा नको, घड्याळाचा तक्ता कर: कोणाकडे, कोणत्या साली, कसं आलं, कसं गेलं, काय बिघडलं. पाच कथा पुरेत.

समजा चावीचं एचएमटी आहे. दुसऱ्या कथेत काच तडकली, तर तिसरीत तडा हवाच. नाहीतर मध्ये दुरुस्तीवाला हवा. रोज चावी दिली नाही तर ते दीड-दोन दिवसांत थांबतं, म्हणून महिनाभर गहाण पडलेलं घड्याळ चालू दाखवू नकोस.

नवखे हमखास दोन ठिकाणी चुकतात:

- प्रत्येक कथेत घड्याळाचं वर्णन पुन्हा करतात. पहिल्या कथेनंतर एक खूण पुरते.
- प्रत्येक वेळी ते भेट म्हणूनच देतात. विक्री, चोरी, विसरणं यांत माणसं जास्त उघडी पडतात.

घड्याळ काढून कथा वाच. उभी राहत नसेल, तर आधी ती दुरुस्त कर.