फॅन कर्व्हवर चालत नाही, हवा कमी-जास्त होते: उत्पादकाला काय विचारायचं?

प्रश्न: आमच्या एएचयूचा फॅन कर्व्हवर दाखवलेली हवा देत नाही, प्रवाह सारखा कमी-जास्त होतो आणि घुरघुर आवाज येतो. उत्पादकाला तांत्रिक प्रश्न पाठवायचा आहे. त्यात काय लिहू?

उत्तर:

पत्र लिहायच्या आधी एक अर्धा तास एएचयूजवळ काढा. "कर्व्हवर चालत नाही" या तीन शब्दांत दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. एकात तुमचा मोजलेला बिंदू कर्व्हच्या खाली पडतो, म्हणजे फॅन खरोखरच कमी काम करतोय. दुसऱ्यात बिंदू कर्व्हवरच असतो, पण शिखराच्या डावीकडे, जिथे कोणीही चालवायचा विचार केलेला नसतो. पहिल्याचं उत्तर उत्पादकाकडे असू शकतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा तुमच्या डक्टमध्ये असतं. प्रवाह अस्थिर आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे माझा संशय दुसऱ्यावर आहे.

सर्वात आधी व्हीएफडी ऑटोवरून काढून हॅन्डवर टाका आणि फ्रीक्वेन्सी एका आकड्यावर बांधून ठेवा. हवा स्थिर झाली तर फॅन निर्दोष आहे. कंट्रोल लूप स्वतःच वरखाली झोके खातोय आणि त्यासाठी उत्पादकाला पत्र लिहायची गरज नाही. फ्रीक्वेन्सी जागची हलत नसतानाही मोटरचे अँपिअर वरखाली होत असतील, तर भार खरोखर बदलतोय, म्हणजे हवेचाच प्रश्न आहे. ही नोंद पत्रात पहिल्या ओळीत घाला. त्याशिवाय उत्पादकाचा पहिला प्रतिप्रश्न हाच येतो आणि त्यात आठवडा जातो.

मग मोजमाप. आजकाल एएचयूत बहुतेक प्लग फॅन असतात आणि त्यांच्या इनलेट कोनवर दाब घ्यायला बारीक नळी काढलेली असते. त्या नळीतल्या आणि फॅनच्या आधीच्या शांत हवेतल्या दाबाच्या फरकावरून प्रवाह काढतात. इथे एक सापळा आहे आणि त्यात मी जाणकार माणसंही अडकलेली पाहिलीत. उत्पादकांची सूत्रं एकसारखी नसतात:

```
Q = K × √Δp
Q = K × √(2 × Δp / ρ)
```

Q म्हणजे प्रवाह, Δp म्हणजे तो दाबाचा फरक, ρ म्हणजे हवेची घनता आणि K म्हणजे त्या फॅनसाठी उत्पादकाने दिलेला ठरावीक आकडा. एकाचा K दुसऱ्याच्या सूत्रात घातला, तर १.२ घनतेच्या हवेत उत्तर जवळजवळ २९ टक्के जास्त तरी येतं किंवा त्याच पटीत कमी तरी. फॅन ठणठणीत असतो आणि कागदावर मात्र आजारी दिसतो. म्हणून K चा आकडा विचारताना तो कोणत्या सूत्रातला, कोणत्या एककातला, हे त्याच वाक्यात विचारा. BMS वर दिसणारा प्रवाहाचा आकडाही याच सूत्रातून आलेला असतो, तेव्हा तो पुरावा म्हणून पाठवू नका. पास्कलमधला कच्चा आकडा पाठवा.

दाबाची चूकही नेहमीची. एएचयूच्या पाटीवर बहुधा एक्स्टर्नल स्टॅटिक प्रेशर असतं, म्हणजे फक्त बाहेरच्या डक्टसाठी उरलेला दाब. फॅनचा कर्व्ह मात्र फॅनने उचललेल्या सगळ्या दाबाचा असतो, त्यात फिल्टर आणि कॉइलही आले. पाटीवरचा दाब कर्व्हवर मांडला की बिंदू खाली पडणारच. फॅनच्या आधीच्या चेंबरमध्ये एक नळी आणि नंतरच्या प्लेनममध्ये दुसरी, असा फॅनच्या आरपार फरक घ्या. आधीची नळी कोनच्या तोंडापासून लांब ठेवा, तिथे हवा वेगात असते आणि दाब खोटा दिसतो. फेरे टॅकोमीटरने घ्या आणि फॅनपाशी हवेचं तापमान लिहा. कर्व्ह साधारणपणे १.२ किलो प्रति घनमीटर घनतेला काढलेला असतो. तुमची घनता वेगळी असेल तर दाब त्याच प्रमाणात बदलून घ्यायचा.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो, कारण त्यातले आकडे समजले की पत्र आपोआप सुचतं. डिझाइन होतं तासाला १८,००० घनमीटर, फॅनचा स्टॅटिक दाब १,२०० पास्कल, १,४८० फेरे. कर्व्हचं शिखर १४,००० च्या आसपास, १,४५० पास्कलवर. जागेवर कोनच्या नळीवरचा आकडा एका जागी थांबेना. ६४० ते ९४० पास्कल, दर काही सेकंदांनी. डिजिटल मॅनोमीटरचं सरासरी दाखवणं चालू होतं तेव्हा तोच आकडा शांतपणे ७८० दाखवत होता. ते बंद केल्यावर खरी हालचाल दिसली. K होता ४५०, पहिल्या सूत्रातला. म्हणजे प्रवाह ११,४०० ते १३,८०० मध्ये हेलकावत होता, मध्य धरा १२,६००. फॅनच्या आरपार दाब सरासरी १,३८० पास्कल. फेरे बरोबर १,४८०, घनतेचा फरक किरकोळ.

आता हा बिंदू मांडून बघा. १२,६०० ला १,३८० पास्कल, म्हणजे बिंदू कर्व्हवरच आहे, पण शिखराच्या डाव्या उतारावर. या भागात हवा इतकी कमी असते की ती पात्यांना चिकटून वाहत नाही, पात्यापासून सुटते, पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते. त्याचाच तो घुरघुर आवाज आणि त्याचेच ते हेलकावे. यालाच स्टॉल म्हणतात.

पण फॅन डावीकडे का गेला? ठरलेली डक्ट असेल तर दाब प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. १२,६०० म्हणजे डिझाइनच्या ०.७ पट. त्याचा वर्ग ०.४९. म्हणजे या प्रवाहाला सगळ्या सिस्टीमने मिळून ५९० पास्कलच्या आसपास मागायला हवे होते. ती मागत होती १,३८०. कुठेतरी जवळजवळ ८०० पास्कल जास्तीचे गिळले जात होते. मग फिल्टरच्या आधी-नंतर, कॉइलच्या आधी-नंतर, एएचयूच्या तोंडाशी आणि डक्टमध्ये पुढे असं एकेका टप्प्याचं मोजत गेलो. फिल्टर-कॉइलचं गणित नीट बसलं. मुख्य डक्टमधल्या एका फायर डॅम्परच्या आरपार मात्र एकट्या ७४० पास्कलचा फरक आला. बाहेरचा हँडल "उघडा" दाखवत होता. आत लिंक निसटली होती आणि पाती अर्धवट आडवी होती. ती सरळ केल्यावर प्रवाह १७,७०० झाला, दाब १,२१५, आणि नळीवरचा आकडा थांबला.

त्या साइटवरून माझ्या आधी उत्पादकाला पत्र गेलं होतं: "फॅन कमी हवा देतो, कृपया बदलून द्या." उत्तरात फॅनची चाचणीची शीट आली आणि दोन्ही बाजू अडून बसल्या. खरं म्हणजे दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. हवा कमी होती आणि फॅनही चांगला होता.

तुमच्याकडे हीच तपासणी झटपट करायची असेल तर पुढच्या डक्टचा विरोध थोडा वेळ कमी करा, म्हणजे बंद झोनचे डॅम्पर उघडा किंवा मुख्य बॅलन्सिंग डॅम्पर पूर्ण उघडा. घुरघुर आणि हेलकावे थांबले तर स्टॉल नक्की. फॅन चालू असताना त्याच्या कप्प्याचं दार उघडू नका. धोका तर आहेच, शिवाय त्याने मोजमापही बिघडतं.

बिंदू कर्व्हच्या खाली निघाला तर मात्र दिशा बदलते. आधी फिरण्याची दिशा बघा. सेंट्रिफ्युगल फॅन उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला फेकतो, फक्त खूप कमी, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. मग इनलेट कोन आणि इंपेलरमधली फट सगळीकडून सारखी आहे का ते बघा, वाहतुकीत मोटरचा पाया सरकलेला असतो. आणि कोनसमोर भिंत किंवा कॉइल किती अंतरावर आहे ते मोजा. कर्व्ह मोकळ्या जागेत काढलेला असतो, तुमचा फॅन पेटीत कोंडलेला.

आता पत्र. मी असं लिहीन:

"फॅन मॉडेल व सिरियल नंबर अमुक. व्हीएफडी हॅन्डवर, ५० हर्ट्झ स्थिर, तरी मोटरचे अँपिअर अमुक ते अमुक बदलतात. फेरे, हवेचं तापमान, फॅनच्या आरपार स्टॅटिक दाब आणि कोनच्या नळीवरचा दाब यांच्या पाच मिनिटांच्या सेकंदागणिक नोंदी सोबत आहेत. आमचा बिंदू तुमच्या कर्व्हवर मांडून पाठवला आहे. कृपया सांगा: या फेऱ्यांना स्थिर चालण्याची डावी मर्यादा किती प्रवाहावर आहे? कर्व्ह ISO 5801 च्या कोणत्या इन्स्टॉलेशन प्रकाराने काढला, आणि नुसत्या फॅनचा आहे की आमच्या मापाच्या पेटीतल्या फॅनचा? K चं सूत्र आणि एकक काय? या बिंदूवर चालवल्यास इंपेलर व बेअरिंगबद्दल तुमचं लेखी मत काय?"

डाव्या मर्यादेचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण सिलेक्शनच्या छापील कागदावर कर्व्हचा तो भाग बरेचदा कापलेला किंवा तुटक रेषेने दाखवलेला असतो.

उत्तरात "फ्रीक्वेन्सी कमी करून बघा" असा सल्ला आला तर थांबा. डक्ट तीच असेल तर फेरे ८० टक्के केल्यावर तुमचा प्रवाह १२,६०० वरून १०,०८० होतो, पण शिखरही १४,००० वरून ११,२०० वर येतं. तुम्ही जिथल्या तिथे, शिखराच्या डावीकडेच राहता. आवाज कमी होतो म्हणून बरं वाटतं, स्टॉल तसाच असतो. व्हीएव्ही सिस्टीम असेल तर गोष्ट आणखी वाईट होते. डक्टचा दाब ठरावीक सेट पॉइंटवर धरून ठेवलेला असतो, त्यामुळे बॉक्स बंद होत गेले की प्रवाह घटतो पण दाब त्या प्रमाणात घटत नाही, आणि दुपारी नीट चालणारा फॅन संध्याकाळी डावीकडे सरकतो. तसं असेल तर पत्रात सेट पॉइंट आणि सर्वात कमी प्रवाह दोन्ही लिहा, आणि त्या बिंदूवर फॅन स्थिर राहील का हे वेगळं विचारा.