लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरताना ‘इतर योजनेचा लाभ’ हा रकाना

ताई, गावातील महिलांचे अर्ज तुम्ही प्रथमच भरणार आहात, म्हणून एका रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या अर्जात, शासनाच्या इतर आर्थिक योजनेचा लाभ घेता का, असा प्रश्न असतो आणि उत्तर ‘होय’ असल्यास दरमहा रक्कम लिहावी लागते. घाईत अनेकजणी येथे ‘नाही’ लिहून मोकळ्या होतात.

समजा, औसा तालुक्यातील एका महिलेच्या नावावर सातबारा आहे आणि तिला पीएम किसानचे वर्षाला 6,000 व नमो शेतकरीचे 6,000 रुपये मिळतात. हे पैसे हप्त्याने येत असल्याने ‘दरमहा’ या शब्दाशी ते तिला जुळत नाहीत. परंतु 12,000 भागिले 12 केल्यास महिना 1,000 होतात. ती अपात्र ठरत नाही, मात्र तिला 1,500 ऐवजी फरकाचे 500 रुपयेच मिळतात. शेजारणीपेक्षा हप्ता कमी का, ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. संजय गांधी निराधार योजनेतून महिना 1,500 किंवा अधिक मिळत असतील, तर मात्र ती पात्र नाही.

म्हणून अर्ज भरण्याआधी पासबुकाच्या नोंदी तपासाव्यात आणि सातबारा पतीच्या नावावर आहे की तिच्या, हे विचारावे. कारण पतीला मिळणारा किसान हप्ता तिच्या रकान्यात येत नाही. घरी ट्रॅक्टर असल्याची धास्ती नको, चारचाकीच्या अटीतून तो वगळलेला आहे.