थेंबूताई आणि बेदाण्याची शेड

प्रश्न: दहा वर्षांच्या मुलासाठी विज्ञानाचा एक उतारा सोपा करून लिहायचाय. पण 'बाळांनो' छापाचं, लाडिक व्हायला नको. कसं लिहावं?

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, आणि फावल्या वेळात मी मुलांच्या एका मासिकासाठी लिहिते. मासिकाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहितेय ते त्यांना आवडणार नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला बाष्पीभवनावरचा एक उतारा पाठवला आणि चौथी-पाचवीसाठी सोपा करायला सांगितला. मूळ मजकूर असा होता: 'द्रवाच्या पृष्ठभागावरील रेणूंना पुरेशी गतिज ऊर्जा प्राप्त झाल्यास ते वायुरूपात जातात. या प्रक्रियेचा दर तापमान, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, हवेतील आर्द्रता व वाऱ्याचा वेग यांवर अवलंबून असतो. प्रक्रियेस लागणारी उष्णता परिसरातून शोषली जाते.'

माझा मोठा भाऊ शिक्षक आहे. मी हौसेनं त्याला दाखवलं. दादानं दहा मिनिटांत लिहून दिलं: 'बाळांनो, एक होती थेंबूताई. सूर्यकाकांनी तिला हाक मारली. थेंबूताई खुदकन हसली आणि भुर्रकन आकाशात उडाली!' संपादकांना ते इतकं आवडलं की माझा मजकूर बाजूला पडला आणि थेंबूताई छापून आली. खाली नाव मात्र माझं.

अंक घरी आला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता, बेदाण्याचं काम जोरात होतं. माझा पुतण्या सोहम तेव्हा पाचवीत. शेडच्या पायरीवर बसून त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, "काकी, आपल्या शेडात ऊनच येत न्हाई की. मग बेदाणं कसं वाळत्यात?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण छापलेल्या गोष्टीत नव्हतं. आमच्याकडे बेदाणा सावलीत वाळतो. वर छप्पर, बाजूंना हिरवी जाळी, आत एकावर एक जाळ्यांचे मजले. थेट ऊन लागलं तर माल तांबूस पडतो, हिरवा राहत नाही. वाळवण्याचं काम कोरडी हवा आणि वारा करतात. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो, म्हणजे तीन किलो पाणी ऊन न लागता उडून जातं. हे त्या पोराला डोळ्यांनी माहीत होतं. ढगाळ हवा आली की घरातल्यांचे चेहरे का पडतात हेही माहीत होतं. आणि आम्ही त्याला सूर्यकाका सांगत होतो!

लाडिकपणा म्हणजे नुसतं 'बाळांनो' नव्हे. ते खोडून टाकलं तरी खालचं चुकीचं शिल्लक राहतं. 'हे त्याला झेपणार नाही' असं आधीच ठरवून कारणच काढून टाकायचं आणि त्या जागी गोष्ट बसवायची, हा खरा अपमान. दहा वर्षांच्या मुलाकडे शब्द कमी असतात, डोकं कमी नसतं.

मग मी तो उतारा पुन्हा लिहिला, सोहमसाठीच. पहिल्या खेपेला मीही आपटले. 'पाण्याचे कण' लिहिलं तर तो म्हणाला, "धुळीसारखं?" म्हणून एक वाक्य वाढवावं लागलं. शेवटी हे उरलं:

'पाणी फार लहान कणांचं बनलेलं असतं, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या. हे कण सतत हलत असतात, पण सगळे सारख्या वेगानं नाही. वरच्या थरातले जे कण जास्त वेगात असतात ते सुटून हवेत जातात. याला बाष्पीभवन म्हणतात. म्हणून पाणी उकळलं नाही तरी, आणि सावलीत असलं तरी, हळूहळू कमी होतं. हवेत गेलेले काही कण परत पाण्यात येतात. हवा दमट असेल तर असे परतणारे कण जास्त, म्हणून पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. वारा पाण्याजवळची दमट हवा दूर नेतो, म्हणून वाऱ्यावर लवकर वाळतं. वेगवान कण निघून गेले की मागे हळू हलणारे उरतात, म्हणून उरलेलं पाणी गार होतं.'

हा मजकूर मूळ उताऱ्यापेक्षा लांब आहे. सोपं म्हणजे आखूड, हा गैरसमज आधी सोडा. दादानं हेसुद्धा कापून दाखवलं: 'कण हलतात. काही कण हवेत जातात. पाणी गार होते.' वाक्यं छोटी झाली, पण 'म्हणून' गेलं, आणि त्याबरोबर समजण्यासारखं जे होतं तेही गेलं. आता मुलानं नुसतं पाठ करायचं. वाक्य तोडा, पण 'कारण' आणि 'म्हणून' जिवंत ठेवा.

'बाष्पीभवन' हा शब्द मी काढला नाही. फक्त आधी काय घडतं ते सांगितलं आणि मग त्याला नाव दिलं. 'गतिज ऊर्जा' काढली, कारण 'वेग' या शब्दावर इथं काम भागतं. क्षेत्रफळही सोडून दिलं. वगळलेलं पुढच्या वर्षी भरून काढता येतं, खोटं सांगितलेलं आधी उपसावं लागतं. थेंबाला हाक ऐकू येत नाही आणि त्याला कुठं जायची इच्छाही नसते. अशी इच्छा एकदा डोक्यात बसली की 'पाण्याला गार व्हायचं असतं' अशी उत्तरं येतात.

जमलं की नाही हे 'समजलं का रे?' विचारून कळत नाही. पोरं 'हो' म्हणतात. उताऱ्यात नसलेलं काहीतरी विचारा. मी सोहमला विचारलं, "पावसाळ्यात माठातलं पाणी उन्हाळ्याएवढं गार का होत नाही?" तो थोडा वेळ जाळीकडे बघत बसला. मग म्हणाला, "भाईर आधीच वल्लं आसतंय. कण जात्यात तेवढंच परत येत्यात. मग गार कशानं व्हईल?" हे उताऱ्यात कुठंच लिहिलेलं नाही.

त्यानंतर त्यानं मला अडकवलं, ते वेगळं. "मग द्राक्षं आधी तेलाच्या पाण्यात का बुडवायची?" (बाहेरच्यांसाठी: डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात कालवून त्यात घड बुडवतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. या द्रावणानं तो थर मोकळा होतो आणि माल साधारण पंधरा दिवसांत तयार होतो.) हे मी तोंडी सांगितलं, उताऱ्यात घातलं नाही. एका उताऱ्यात एकच गाठ सोडवायची.

आता दोन गोष्टी राहिल्या. बेदाण्याचं उदाहरण आमच्या पोराला लागू पडलं, पुण्यातल्या फ्लॅटमधल्या मुलाला बेदाणा पुडीत मिळतो. त्याच्यासाठी पुसलेली फरशी आणि पंखा घ्या. आणि ज्याला वाचनच जड जातं त्याला माझाही उतारा जड जाईल, तिथं शेजारी बसून मोठ्यानं वाचावं लागतं. सहा वर्षांच्या मुलाला थेंबूताई चालेल का, ते मला विचारू नका.

दादाचं अजून म्हणणं आहे की वर्गात चाळीस पोरं असतात, सोहम एकच असतो. असेल. पण त्या चाळिसांतल्या निम्म्यांच्या घरी शेड आहे, हे त्यालाही माहीत आहे. गेल्या दिवाळीला त्यानं विषय पुन्हा काढला तेव्हा मी सोहमलाच पुढं केलं. दादानं त्याला माठाचं विचारलं, उत्तर ऐकलं आणि चकलीचा डबा पुढं ओढला.