ग्रीन कार्ड होते, तरी आपल्याच मोटारीची भरपाई का नाकारली?

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतःची मोटार घेऊन रस्त्याने तुर्कस्तानला गेलो. निघण्यापूर्वी मी विमा एजंटला ईमेल केला होता : “अंकाराला जायचे आहे, ग्रीन कार्ड पाठवा.” त्यांनी ते लगेच पाठवले. बोलू शहराजवळ पावसात मोटार घसरून पुढच्या ट्रकवर आदळली. ट्रकवाल्याची भरपाई झाली. पण आमच्या मोटारीच्या दुरुस्तीचे ९,२०० युरो कंपनी देत नाही. “अपघात युरोपबाहेर झाला,” एवढेच उत्तर त्याच वर्षी आले. पॉलिसी फोलकास्को आहे, म्हणजे सगळे धरून. आता काय करता येईल?

उत्तर : आपल्या पॉलिसीत एकाच कागदावर दोन वेगळे करार आहेत आणि दोघांची भौगोलिक हद्द वेगळी आहे, ही गोष्ट आधी नीट लक्षात घ्यावी लागेल. पहिला करार आपल्यामुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते त्याचा, म्हणजे थर्ड पार्टी दायित्वाचा. दुसरा आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा, ज्याला जर्मनीत कास्को म्हणतात. जर्मन विमा कंपन्या ज्या नमुना अटींवर पॉलिसी बेततात, त्यांत दोन्ही करार मुळात युरोपच्या भौगोलिक सीमेपुरते आणि युरोपीय संघाच्या युरोपबाहेरील प्रदेशांपुरते लागू होतात. मात्र दायित्वाच्या भागात एक जादा वाक्य असते : कंपनीने आंतरराष्ट्रीय विमा कार्ड, म्हणजेच ग्रीन कार्ड दिले असेल, तर त्यावर ज्यांची नावे खोडलेली नाहीत अशा युरोपबाहेरील देशांतही हे संरक्षण चालते. कास्कोच्या भागात असे वाक्य नसते. त्यामुळे तुर्कस्तानात आपले दायित्वाचे संरक्षण देशभर चालू होते, आणि कास्को मात्र इस्तंबूलमध्ये बॉस्पोरसच्या युरोपीय काठावर संपले. बोलू आणि अंकारा दोन्ही आशियाई भागात येतात.

ग्रीन कार्ड कशासाठी असते, याविषयी फार मोठा गैरसमज आहे. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाच्या शिफारशीवर ही व्यवस्था उभी राहिली आणि १ जानेवारी १९५३ पासून ती चालू आहे. प्रत्येक सदस्य देशात विमा कंपन्यांचा एक ब्युरो असतो. परदेशी मोटारीने अपघात केला, की ज्या देशात अपघात झाला तेथील ब्युरो किंवा त्याने मान्य केलेली प्रतिनिधी कंपनी पीडिताचा दावा तेथील कायद्याप्रमाणे निकाली काढते आणि दिलेली रक्कम मोटारीच्या मूळ विमा कंपनीकडून वसूल करते. ती न मिळाल्यास त्या मूळ कंपनीच्या देशाचा ब्युरो तिची हमी घेतो. म्हणजे ग्रीन कार्ड ही तुर्की पीडिताला आणि तुर्की पोलिसांना दिलेली खात्री आहे, आपल्याला दिलेली नव्हे. आपल्या ट्रकवाल्याला पैसे विनासायास मिळाले ते याच यंत्रणेमुळे, आणि त्या बाबतीत आपल्या कंपनीने कर्तव्य चोख बजावले. दुरुस्तीच्या खर्चाशी त्या कार्डाचा काडीचाही संबंध नाही.

म्हणून पॉलिसीच्या आधारावर ९,२०० युरो मागणे व्यर्थ आहे, असे माझे मत आहे; अर्थात एका अपवादाची खातरजमा आधी करावी. सर्व कंपन्यांच्या अटी शब्दशः सारख्या नसतात आणि काही पॉलिसींत कास्कोची हद्द संपूर्ण तुर्कस्तानपर्यंत वाढवलेली असते. नमुना अटींत हा मजकूर ए.२.४ या क्रमांकाखाली येतो. आपल्या अटींत क्रमांक वेगळा असू शकेल, परंतु कास्को प्रकरणातील ‘हे संरक्षण कोणत्या देशांत लागू’ हे कलम आणि पॉलिसीसोबत आलेले जोडपत्र वाचून मगच पुढे जावे. या पॉलिसीत तुर्कस्तानाचा आशियाई भाग समाविष्ट असेल, तर पुढचे सगळे विवेचन गैरलागू ठरते आणि कंपनीने करारानुसारच पैसे दिले पाहिजेत.

तसे काही नसेल, तरी आपल्याजवळ दुसरा मार्ग आहे आणि तो या प्रकरणात बऱ्यापैकी भक्कम दिसतो. जर्मन विमा करार कायद्याच्या कलम ६ नुसार विमा कंपनीवर सल्ला देण्याचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य पॉलिसी विकताना संपत नाही. याच कलमाच्या पोटकलम ४ प्रमाणे कराराच्या काळात सल्ल्याची गरज कंपनीला दिसण्याजोगी असेल, तर तेव्हाही ते लागू होते. पोटकलम ५ प्रमाणे कर्तव्यभंगामुळे झालेले नुकसान कंपनीला भरून द्यावे लागते. आपण नुसते “ग्रीन कार्ड पाठवा” असे लिहिले असते, तर एजंटला काय कळणार होते, असा युक्तिवाद कंपनीला सहज करता आला असता. परंतु आपल्या ईमेलमध्ये अंकाराचे नाव आहे. मोटार विम्याचा एजंट रोज ज्या अटी हाताळतो, त्यांतील हद्दीचे कलम त्याला ठाऊक असलेच पाहिजे. अंकारा युरोपात नाही हेही त्याला ठाऊक असणार. अशा स्थितीत कार्ड पाठवताना “आपल्या मोटारीचे कास्को संरक्षण बॉस्पोरसपलीकडे चालणार नाही, ते हवे असल्यास वाढवून घ्या,” एवढे एक वाक्य लिहिणे त्याचे काम होते, आणि ते न लिहिणे हा कर्तव्यभंग आहे, असे मला वाटते. त्या ईमेलची प्रत, त्याला आलेले उत्तर आणि कार्डावरील दिनांक हे तीन कागद जपून ठेवावेत. सारे प्रकरण त्यांच्यावर उभे आहे.

येथे एक गोष्ट तपासल्याशिवाय मागणीपत्र लिहू नये. आपण ज्यांना एजंट म्हणता, ते खरोखर कंपनीचे एजंट आहेत की स्वतंत्र ब्रोकर आहेत? एजंटला जे सांगितले ते कंपनीला सांगितले, असे कायदा मानतो, आणि त्याची चूक कंपनीच्या माथी येते. ब्रोकर हा मात्र ग्राहकाच्या बाजूचा माणूस. करार ब्रोकरमार्फत झाला असेल, तर कलम ६ चे कर्तव्य कंपनीवर राहत नाही आणि दावा ब्रोकरवरच करावा लागतो. पत्रावरील किंवा संकेतस्थळावरील व्यावसायिक माहितीत हा दर्जा नमूद असतो. चुकीच्या पक्षाला पत्र पाठवून महिने वाया घालवणारे अशील मी पाहिले आहेत.

नुकसानभरपाई किती मिळेल? योग्य सल्ला मिळाला असता तर आपण ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत आपल्याला नेऊन ठेवणे हे तिचे माप आहे. आपण वाढीव संरक्षण घेतले असते, असे धरू. तेव्हाही पॉलिसीतील स्वहिस्सा आपल्यालाच सोसावा लागला असता आणि वाढीव हप्ताही द्यावा लागला असता. समजा स्वहिस्सा ५०० युरो आणि वाढीव हप्ता ८० युरो असेल, तर ९,२०० मधून हे दोन्ही वजा करून ८,६२० युरोंची मागणी योग्य ठरते. पूर्ण ९,२०० मागितल्यास उगाच वादाला तोंड फुटते. पुढील वर्षी हप्त्याची श्रेणी घसरून जो जादा भार पडला असता, तोही कंपनी वजा करू पाहील. तेवढी कपात मान्य करायला हरकत नाही, फक्त तिचा हिशेब लेखी मागावा.

कंपनीच्या बचावाचे दोन मुद्दे मला आताच दिसतात. एक, सांगितले असते तरी ग्राहकाने जादा पैसे दिले नसते. यावर जर्मन न्यायालये साधारणपणे असे गृहीत धरतात, की योग्य सल्ला मिळालेला माणूस त्याप्रमाणे वागला असता. शिवाय हजारो किलोमीटर अगोदर कार्ड मागणारा ग्राहक थोडक्या हप्त्यासाठी मोटार उघडी ठेवील, हे पटण्यासारखे नाही. मात्र असे वाढीव संरक्षण त्या काळात प्रत्यक्षात विकत मिळत होते, हे दाखवण्याची तयारी ठेवावी. दुसरा मुद्दा, अटी आपल्या हाती होत्या आणि आपण त्या वाचल्या नाहीत. हा सहभागी निष्काळजीपणाचा आक्षेप आहे आणि त्यातून काही टक्के कपात होण्याचा धोका मी नाकारत नाही. तथापि ज्याच्यावर सल्ल्याचे कर्तव्य आहे, त्यानेच ग्राहकाला “तुम्ही स्वतः का वाचले नाही” असे विचारणे न्यायालयांना फारसे रुचत नाही.

पुढची पावले अशी. प्रथम कंपनीला लेखी पत्र पाठवून कलम ६ च्या आधारे नुकसानभरपाई मागावी आणि उत्तरासाठी मुदत द्यावी. आधीचा दावा हा पॉलिसीखालचा होता आणि हा वेगळा आहे, हे पत्रात स्पष्ट लिहावे, नाहीतर जुनेच उत्तर परत येईल. नकार आल्यास बर्लिन येथील विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. ग्राहकाला त्याचा खर्च नाही आणि १०,००० युरोंपर्यंतच्या वादात त्यांचा निर्णय सदस्य कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. म्हणून ८,६२० युरोंच्या या मागणीसाठी हा मार्ग मला विशेष सोयीचा वाटतो. प्रतिपक्ष ब्रोकर असेल, तर लोकपालाचा निर्णय त्याला बांधत नाही. न्यायालयात जायचे ठरले, तर कंपनीविरुद्धचा दावा आपण राहता त्या ठिकाणच्या न्यायालयात लावता येतो.

पुन्हा त्या वाटेने जाणार असाल, तर कार्डावर तुर्कस्तानचे ‘TR’ हे अक्षरचिन्ह खोडलेले नाही हे पाहावे. ते खोडलेले असल्यास कापिकुलेसारख्या सीमा-नाक्यावर स्थानिक विमा विकत घ्यावा लागतो, पण तो केवळ तुर्की कायद्याप्रमाणे थर्ड पार्टीपुरता असतो. कास्को सीमेवर मिळत नाही; ते निघण्यापूर्वी आपल्याच कंपनीकडून वाढवून घ्यावे, आणि उत्तरात ‘तुर्कस्तानचा आशियाई भाग’ हे शब्द असल्याशिवाय समाधान मानू नये. आणखी एक : परदेशी मोटार तुर्की सीमाशुल्काच्या नोंदीत तिला घेऊन आलेल्या व्यक्तीच्या नावे चढते. मोटार पूर्ण मोडली आणि तेथेच टाकून निघावे म्हटले, तर तिची रीतसर नोंद उतरवून घेतल्याशिवाय बाहेर पडताना अडवले जाते, आणि शुल्काची मागणीही होऊ शकते. हा खर्च मूळ कास्कोत नसतो, म्हणून संरक्षण वाढवताना त्याविषयीही विचारावे.

मुदतीबद्दल : अशा दाव्याची सामान्य मुदत तीन वर्षे असून ती ज्या वर्षी दावा निर्माण झाला आणि आपल्याला त्याची माहिती झाली, त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. अपघात आणि नकार दोन्ही २०२४ मधील असल्याने ती ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. लोकपालाकडे तक्रार चालू असेपर्यंत मुदत थांबलेली राहते, परंतु कंपनीशी नुसता पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबली असे गृहीत धरू नये. कंपनीकडून तसे लेखी मान्य करून घ्यावे.