जुन्या प्लॅनचा दर कुठवर टिकतो आणि तो कशाने जातो

प्रश्न: सहा वर्षांपूर्वी घेतलेले एका ऑनलाइन सेवेचे सबस्क्रिप्शन माझ्याकडे अजून जुन्याच दराने चालू आहे. तो प्लॅन आता नवीन लोकांना मिळत नाही. हा दर माझा हक्क झाला आहे का? कंपनी तो कधी बदलू शकते?

उत्तर:

ज्या मुदतीचे पैसे तुम्ही भरले आहेत, त्या मुदतीपुरता तो दर तुमचा आहे. त्यापुढे तो टिकतो याचे कारण एवढेच की कंपनीने तुम्हाला नव्या दरावर हलवण्याचा निर्णय अजून घेतलेला नाही. वर्षे कितीही लोटली तरी तेवढ्यावरून हक्क निर्माण होत नाही. मी बरीच वर्षे सबस्क्रिप्शन विकणाऱ्या एका कंपनीच्या बिलिंग विभागात काम केले आहे, म्हणून ही गोष्ट आतल्या बाजूने कशी घडते ते सांगतो.

संकेतस्थळावर नवा दर झळकला की सगळ्यांचीच बिले वाढली असणार, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक ग्राहकाच्या नोंदीला एक विशिष्ट प्लॅन जोडलेला असतो आणि त्या प्लॅनला एक विशिष्ट रक्कम. स्ट्राइपसारख्या प्रचलित बिलिंग यंत्रणेत तर एकदा तयार केलेल्या दराची रक्कम नंतर बदलताच येत नाही. दर वाढवायचा असेल तर नव्या रकमेचा वेगळा दर तयार करावा लागतो आणि जुना दर विक्रीतून काढून घ्यावा लागतो. विक्रीतून काढलेला दर नव्या माणसाला निवडता येत नाही, पण त्यावर आधीपासून असलेल्यांची बिले पूर्वीसारखीच निघत राहतात. म्हणजे जुन्या ग्राहकाला जुन्या दरावर राहू देण्यासाठी कंपनीला काहीच करावे लागत नाही. त्याला हलवायचे तर मात्र यादी काढणे, सूचना पाठवणे, तारीख ठरवणे आणि त्यानंतर येणारे फोन घेणे हे सगळे करावे लागते. आमच्याकडे एका जुन्या प्लॅनवर इतके थोडे लोक उरले होते की त्यांना हलवण्याचा विषय दर वर्षी बैठकीत निघे आणि दर वर्षी पुढे ढकलला जाई.

दुसरे कारण व्यापारी आहे. वर्षानुवर्षे मुकाट्याने पैसे भरणाऱ्या ग्राहकाला दरवाढीचे पत्र गेले की तो पहिल्यांदाच विचार करतो, की आपण ही सेवा खरोखर वापरतो का? नेटफ्लिक्सचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. २०१४ च्या मे महिन्यात अमेरिकेत नव्या ग्राहकांसाठी प्रचलित प्लॅनचा दर महिना ७.९९ डॉलरवरून ८.९९ डॉलर झाला आणि आधीच्या ग्राहकांना दोन वर्षे जुना दर कायम राहील असे सांगण्यात आले. पुढे २०१५ मध्ये नवा दर ९.९९ डॉलरवर गेला. २०१६ मध्ये ती दोन वर्षे संपत आली तेव्हा जुन्या ग्राहकांपुढे दोन पर्याय होते : ९.९९ डॉलर देऊन आहे ती सेवा चालू ठेवावी, किंवा ७.९९ डॉलरमध्ये कमी दर्जाचे चित्र आणि एका वेळी एकच पडदा एवढ्यावर समाधान मानावे. २०१६ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात सुमारे २५ लाख नवे ग्राहक वाढतील असा कंपनीचा अंदाज होता, प्रत्यक्षात वाढले सुमारे १७ लाख. भागधारकांना लिहिलेल्या पत्रात कंपनीने म्हटले, की सवलत संपणार अशा बातम्या एप्रिलमध्ये आल्या तेव्हापासूनच गळती वाढली, कारण काही ग्राहकांना ती नवी दरवाढ वाटली. दोन वर्षांपूर्वी सांगून ठेवलेली गोष्ट लोक विसरले होते. सवलतीची अखेरची तारीख आधी जाहीर केली तरी ती कोणाच्या लक्षात राहत नाही, हे त्या वेळी बिलिंगच्या धंद्यातल्या आम्हा सगळ्यांनाच कळले.

दर आणि सुविधा यांत मात्र मोठा फरक आहे आणि तुमच्या प्रश्नात तो निसटला आहे. जुना दर सांभाळणे म्हणजे एक आकडा सांभाळणे. जुनी सुविधा सांभाळायची तर त्यासाठी चालणारी प्रणाली, तिच्या दुरुस्त्या आणि ती समजणारी माणसे सांभाळावी लागतात. त्यामुळे बहुतेक वेळा सुविधा आधी झिजते आणि दर नंतर बदलतो. एटी अँड टी या अमेरिकी दूरसंचार कंपनीने २०१० मध्ये नव्या ग्राहकांसाठी अमर्याद डेटाचा प्लॅन बंद केला, पण जुन्यांकडे तो राहू दिला. २०११ पासून ठरावीक वापरानंतर त्या ग्राहकांचा वेग उतरवला जाऊ लागला. प्लॅनचे नाव तेच होते, बिलही तेच होते, फक्त ‘अमर्याद’ या शब्दातला अर्थ निघून गेला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये खटला भरला, कारण वेगावरच्या या मर्यादेची पुरेशी कल्पना ग्राहकांना दिलेली नव्हती. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटले. कंपनी आतून सेवा बदलू शकते का, हा एक प्रश्न झाला. बदललेली सेवा जुन्याच नावाने आणि न सांगता विकू शकते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि ग्राहकाची बाजू बळकट होते ती या दुसऱ्या प्रश्नावर.

आता कंपनी कधी बदल करू शकते ते पाहू. वर्षभराचे पैसे आगाऊ भरले असतील तर त्या वर्षाच्या मध्ये दर वाढवणे साधारणपणे करारात बसत नाही, आणि अटींमध्ये तशी मुभा लिहून घेतलेली असली तरी अशा एकतर्फी कलमाला अनेक देशांचे कायदे हरकत घेतात. नूतनीकरणाच्या वेळी मात्र चित्र बदलते. महिन्याच्या सबस्क्रिप्शनमध्ये दर महिन्याला एक नवी मुदत सुरू होते, त्यामुळे वाजवी आधी सूचना देऊन पुढच्या मुदतीपासून नवा दर लावणे कंपनीला बहुधा शक्य असते, आणि ग्राहकाला तो नको असल्यास सोडून जाता येते. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेत हीच कल्पना कायद्याच्या भाषेत आहे : करारात बदल करायचा तर किमान एक महिना आधी कळवायचे, आणि बदल ग्राहकाच्या फायद्याचा नसेल तर त्याला जादा खर्चाशिवाय बाहेर पडू द्यायचे. याला एक अपवाद आहे. ‘सबस्क्रिप्शन चालू असेपर्यंत हाच दर’ असे विक्रीच्या वेळी लेखी म्हटले असेल, तर ते आश्वासन कराराचा भाग ठरू शकते. त्यासाठी त्या वेळचे पान किंवा ईमेल तुमच्याकडे असायला हवे, कारण कंपनीच्या संकेतस्थळावर आज दिसणाऱ्या अटी आजच्या आहेत.

सूचना आली, की तिच्यात एक गोष्ट सर्वांत आधी शोधावी : तुम्ही काहीच केले नाही तर काय होईल? गप्प राहण्याचे परिणाम दोन आणि अगदी उलटे असू शकतात. ॲपलच्या ॲप स्टोअरवरून घेतलेल्या सबस्क्रिप्शनचा नियम पाहा. तिथे विक्रेत्याला जुन्या ग्राहकांसाठी जुना दर राखून ठेवण्याचा पर्याय मिळतो. तो न निवडता त्याने दर वाढवला, तर पूर्वी प्रत्येक ग्राहकाची संमती लागत असे आणि ती मिळाली नाही तर सबस्क्रिप्शन मुदत संपताच बंद होई. २०२२ च्या मे महिन्यात हा नियम सैल झाला. वाढ ५० टक्क्यांच्या आत आणि सुमारे ५ डॉलरच्या आत असेल (वार्षिक सबस्क्रिप्शनला ही मर्यादा सुमारे ५० डॉलरची आहे), वर्षातून एकदाच होत असेल आणि स्थानिक कायद्याला मान्य असेल, तर फक्त सूचना पुरते. म्हणजे लहान वाढीत गप्प राहिलात तर पैसे जास्त कापले जातात, आणि मोठ्या वाढीत गप्प राहिलात तर सेवाच बंद पडते. ‘मी काही केलेच नाही’ ही तक्रार मी दोन्ही प्रकारच्या ग्राहकांकडून ऐकली आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल मला खरे तर सर्वांत जास्त लिहायचे होते, तिच्याकडे येतो. माझ्या अनुभवात जुना दर गमावणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो स्वतःच्याच हाताने गमावला. आमच्याकडचे एक उदाहरण सांगतो. एका गृहस्थांच्या नोंदीवर `STD_2015` हा प्लॅन होता आणि नवा प्लॅन त्याच्या जवळजवळ दुप्पट दराचा होता. त्यांच्या कार्डाची मुदत संपली. यंत्रणेने तीन आठवड्यांत चार वेळा पैसे कापण्याचा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी ईमेल गेला, आणि चौथ्या प्रयत्नानंतर नोंदीची स्थिती `past_due` म्हणजे थकीत यावरून `canceled` म्हणजे रद्द अशी झाली. दोन दिवसांनी त्यांनी नवे कार्ड घालून पुन्हा सेवा सुरू केली. त्यांच्या दृष्टीने ते जुनेच खाते होते : तेच नाव, तोच पासवर्ड, त्याच फायली. यंत्रणेच्या दृष्टीने मात्र ते आज आलेले नवे सबस्क्रिप्शन होते, आणि नव्या सबस्क्रिप्शनला विक्रीत असलेलाच प्लॅन मिळतो. त्यांनी रागाने लिहिले, की कंपनीने न सांगता दर वाढवला. स्थिती `past_due` असतानाच त्यांनी कार्ड बदलले असते, तर जुनी नोंद तशीच पुढे चालली असती.

हीच गोष्ट इतर वाटांनीही घडते. काही दिवसांसाठी वरचा प्लॅन घेऊन परत खाली येणे, महिन्याचे वार्षिक करणे, खाते दुसऱ्याच्या नावे करणे, ॲपमधून घेतलेले सबस्क्रिप्शन बंद करून संकेतस्थळावरून घेणे, यांपैकी प्रत्येक वेळी जुनी नोंद संपून नवी तयार होण्याची शक्यता असते. विशेषतः वरच्या प्लॅनवर जाण्याचे बटण सोपे असते, पण खाली येताना यादीत तुमचा जुना प्लॅन दिसतच नाही, कारण तो विक्रीत नाही.

तुमच्या बाबतीत मी आधी शेवटची दोन बिले शेजारी ठेवून पाहीन. प्लॅनचे नाव, सबस्क्रिप्शनचा क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख तीच आहे का हे तपासा, आणि ती बिले उतरवून ठेवा. कार्डाची मुदत कधी संपते तेही आत्ताच बघून घ्या. पुढे कधी प्लॅनमध्ये काही बदल करायची वेळ आली, तर बटण दाबण्यापूर्वी ग्राहक सेवेला लेखी विचारा : ‘हा बदल केल्यावर माझे सध्याचे सबस्क्रिप्शन चालू राहील की नवे तयार होईल, आणि मला सध्याच्या प्लॅनवर परत येता येईल का?’ तोंडी मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका. फोनवर बोलणाऱ्या माणसासमोर बहुधा फक्त सध्या विक्रीत असलेल्या प्लॅनची यादी असते, आणि तुमचा प्लॅन तिच्यात नसतो.