आजीचा झिजलेला कॅट आणि काकूंचा बोअर

प्रश्न: आजी गेल्यावर तिची जुनी, झिजलेली टॅरो कार्डं माझ्याकडे आली. शेजारच्या काकू "माझं बघ" म्हणून मागे लागल्यात. अशा कार्डांनी दुसऱ्याचं बघावं का?

उत्तर:

बघा, पण आधी कॅट तपासा. वर्षानुवर्षं एकाच हातात राहिलेला कॅट सगळी पानं सारखी देत नाही. काही पानं पुन्हा पुन्हा वर येतात, आणि समोरच्या माणसाला तो दैवाचा कौल वाटतो. माझ्याकडे असंच झालं, ते सांगते.

माझी आजी औसा तालुक्यात नर्स होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी महिने तिची ड्युटी पत्र्याच्या शेडमधल्या दवाखान्यात होती. तिथं मदतीला आलेल्या एका परदेशी बाईनं परत जाताना हा कॅट आजीला दिला. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्यावाचून अडलं नाही. हा 1909 साली लंडनमध्ये पहिल्यांदा छापलेल्या रायडर कॅटचाच नमुना. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईनं काढली. त्याआधीच्या बहुतेक टॅरो कॅटांत आकड्यांच्या पानांवर नुसत्या तलवारी, नुसते पेले मांडलेले असायचे. या बाईनं अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर पानांवर पूर्ण चित्रं काढली. म्हणून आजीला चित्र बघून बोलता आलं. गल्लीतल्या बाया दुपारी यायच्या आणि म्हणायच्या, "सिस्टर, चित्र काढा."

आजी गेली आणि तिच्या ट्रंकेतून कॅट माझ्याकडे आला. कडा काळ्या पडलेल्या, कोपरे गोल झालेले. आधी पानं मोजली, सगळी होती. मग कोरड्या मऊ फडक्यानं एकेक पान पुसलं. पाणी लावू नका, कागद फुगतो. टाल्कम पावडरही नको, हाताच्या तेलकटपणात मिसळून तिचे गोळे होतात. पुसल्यावर बराच वेळ पिसून सगळी पानं चादरीवर सुलटी पसरली. पिसण्याआधी शेजारी असलेल्या काही जोड्या पिसल्यावरही शेजारीच होत्या, म्हणजे ती पानं एकमेकांना चिकटून एकत्र सरकत होती. तेव्हापासून मी कॅट हातात पिसत नाही. चादरीवर पालथा पसरते, दोन्ही हातांनी बराच वेळ फिरवते आणि मग गोळा करते.

दुसरी गोष्ट कापताना कळली. कॅट कापला की बहुतेक वेळा एकच पान उघडायचं, द स्टार. चित्रात एक विवस्त्र बाई तळ्याकाठी गुडघा टेकून बसलीये. दोन हातांत दोन घागरी, एकीतलं पाणी तळ्यात ओततेय, दुसरीतलं जमिनीवर. वर एक मोठी चांदणी आणि भोवती सात लहान. आजीकडे येणाऱ्या बायांचं हे आवडतं पान, तिला त्या घागरवाली म्हणायच्या. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेतून आलेली बाई हे पान हातातून खाली ठेवायची नाही. इतकं हाताळल्यानं पानाला उभा बाक आला होता. कॅट काचेवर ठेवून डोळा त्याच्या पातळीला आणला आणि पलीकडून बॅटरी धरली, तर एका ठिकाणी बारीक फट दिसत होती. कापताना बोट आपोआप त्याच फटीत जायचं. जाड पुस्तकांखाली ते पान कितीतरी दिवस दाबून ठेवलं. बाक कमी झाला, गेला नाही. कागदाचे तंतू एकदा मोडले की पूर्ववत होत नाहीत.

तर आता आमच्या काकू. मागच्या गल्लीत राहतात, शेत गावाबाहेर. आजी होती तेव्हा नेमानं यायच्या, त्यामुळे त्यांना सगळी रीत पाठ. त्या दिवशी आल्या, चहा अर्धाच प्यायल्या आणि म्हणाल्या, "बोअर घ्यायचाय. आधीचे दोन कोरडे गेले. नारळवाल्यानं बांधाजवळ जागा दाखवलीय, नारळ तळहातावर उभा राहिला म्हणं. पाणी लागतंय का तेवढं बघ."

मी पानं गोळा करून कॅट चटईवर ठेवला. कापू नका म्हणायच्या आत काकूंनी सवयीनं हात घातला आणि वरचा भाग उचलून उलटा केला. घागरवाली.

"आगं माय! पाणी!" काकूंनी पान उचलून कपाळाला लावलं. डोळे भरून आले त्यांचे. "तुझ्या आजीनंच दिलं बघ."

तेव्हा गप्प बसणं सोपं होतं. टॅरोत या पानाचा अर्थ चांगलाच आहे: संकटानंतरचा दिलासा, आशा. तेवढं बोलले असते तरी काकू खूश होऊन गेल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी शेतात उभी राहिली असती. पण ते पान का आलं हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "काकू, पान परत मध्ये घाला, पानं फिरवा आणि पुन्हा कापा."

त्यांनी कापलं. पुन्हा तीच. काकूंचा विश्वास दुप्पट झाला. मग मी कॅट खिडकीच्या उजेडात आडवा धरला आणि ती फट दाखवली. पान बाहेर काढून फरशीवर ठेवलं, एका बोटानं दाबलं की ते डुलायचं. शेजारी दुसरं पान ठेवलं, ते सपाट. काकूंनी स्वतः दोन्ही दाबून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "म्हंजे हे आम्हीच हाताळून वाकवलं."

"हो. आणि काकू, जमिनीखाली पाणी आहे का हे कुठलंच पान सांगू शकत नाही. आपल्याकडं खाली काळा दगड. पाणी असतं ते वरच्या मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत. एका बोअरला लागतं, पलीकडच्याला लागत नाही, ते भेगेवर असतं."

त्या उठून जातील असं वाटलं होतं. उठल्या नाहीत.

इथं एक सांगते, कारण तुमच्या काकूही असंच काहीतरी विचारतील. "होईल का, लागेल का" असा प्रश्न घेऊन पान काढू नका. चित्राला हो-नाही बोलता येत नाही, मग आपणच आपल्या मनातलं हो त्याच्या तोंडी घालतो. प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे वळवायचा. मी काकूंना विचारलं, "बोअरचं ठरवताना तुमच्या मनाला काय टोचतंय, ते बघायचं का?" त्या हो म्हणाल्या. तीन पानं ठरवली: आज काय आहे, कशाकडे बघणं टाळतेय, कुणाला सोबत घ्यावं. पान काढायच्या आधी कुठलं पान कशाचं ते ठरवून मोठ्यानं सांगायचं, नाहीतर चित्र बघून अर्थ बदलायचा मोह होतो.

घागरवाली परत कॅटमध्ये घातली, पण कापणं बंद. काकूंनी मनात येईल तो आकडा सांगायचा आणि मी वरून मोजत त्या क्रमांकाचं पान काढायचं. यात बोटाला फट सापडत नाही आणि मळलेली कड ओळखून पान निवडलंही जात नाही.

पहिलं पान नाण्यांची पंजी. बर्फातून दोन माणसं चाललीत, एक अनवाणी, एक कुबड्यांवर, मागे उजेडाची रंगीत खिडकी. काकू म्हणाल्या, "हे आमचंच." त्यावर मला काही बोलावं लागलं नाही.

दुसरं तलवारींची दुर्री. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, छातीवर दोन तलवारी फुली करून धरलेल्या, मागे समुद्र. मी फक्त चित्रात काय दिसतं ते सांगितलं आणि थांबले. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. आपण अर्थ सांगत सुटलो की समोरचा ऐकत बसतो. काकूंनी पान उचललं नाही, लांबूनच बघत होत्या. हात मात्र मनगटाशी गेला. "पाटल्या मोडायच्या म्हणतेत," त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या हायत. मी हो बी म्हणले नाही, नाही बी म्हणले नाही. पाणी लागतंय असं कुणी म्हणलं तर देऊन टाकीन, असं ठरवून आले होते."

म्हणजे बोअरच्या प्रश्नाखाली हा प्रश्न होता. पानाला पाटल्या ठाऊक नव्हत्या. डोळे बांधलेली बाई समोर आली आणि काकूंना बोलावंसं वाटलं, एवढंच घडलं. माझ्या मते टॅरोचं खरं काम हेच आहे, आणि त्यासाठी कॅट नवा असो की जुना, फरक पडत नाही.

तिसरं नाण्यांची तिर्री. देवळाच्या कमानीत एक गवंडी काम करतोय, समोर दोघं जण नकाशा घेऊन त्याच्याशी बोलतायत. हे पान होतं कुणाला सोबत घ्यावं याचं. काकूच म्हणाल्या, "कागद घेऊन बसलेत की हे." मग मी त्यांना सांगितलं की जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय आहे, जागेबद्दल तिथं जाऊन विचारता येतं. नारळवाल्याच्या जागेवर पैसे घालण्याआधी तेवढं तरी करावं, आणि पाटल्यांचं काकांशी उघड बोलावं. तिथल्या सल्ल्यानंतरही बोअर कोरडा जाऊ शकतो, हेही सांगितलं.

काकू घरी जाऊन बोलल्या. काका रागावले, दोन दिवस जेवणाच्या ताटावर अबोला होता असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. पाटल्या मोडल्या नाहीत. जागा बघून घेऊ, मग ठरवू, असं म्हणून बोअर त्या हंगामापुरता थांबला. पुढं काय झालं ते त्यांच्या घरचं आहे, ते मी इथं लिहीत नाही.

तुमच्या कॅटचं विचाराल तर एवढं करा. मोजा, कोरडं पुसा, चिकटलेल्या जोड्या शोधा, आडवा धरून फट बघा. वाकलेलं पान सापडलं तर फेकू नका, अठ्ठ्याहत्तरातलं एक पान गेलं की ते चित्र कधीच समोर येणार नाही. आकडा सांगून पान काढा. पाठीवरच्या डागावरून कुठलं पान आहे हे तुम्हाला ओळखू यायला लागलं, तर मात्र तो कॅट दुसऱ्यासाठी वापरू नका. तुमचा हात नकळत निवड करायला लागेल. आजीची आठवण म्हणून ठेवा आणि बघण्यासाठी नवा घ्या.

काकू पुन्हा आल्या होत्या, मुलीच्या लग्नाचं विचारायला. कोणतं स्थळ तिच्या मनात आहे ते बघ म्हणाल्या. जी समोर नाही तिच्या मनातलं मी बघत नाही. म्हटलं, "काकू, तिलाच घेऊन या. तिला विचारायचं असेल तर तिची पानं तीच काढेल."